बॅकअप आउटपुटवर न्यूट्रल-अर्थ जोड: आरसीसीबी ग्रिडवर का पडतो आणि बॅटरीवर का पडत नाही

प्रश्न: ५ किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर बसवला. लाइट गेली की बॅकअपच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११० व्होल्ट दिसायचे, टेस्टर दोन्ही भोकांत पेटायचा. इलेक्ट्रिशियनने बॅकअप डीबीतला न्यूट्रल बार आणि अर्थ बार तारेने जोडून टाकले. तेव्हापासून बॅटरीवर सगळं ठीक, पण लाइट असताना गीझर लावला की कधी मेन आरसीसीबी पडतो, कधी बॅकअपचा. दुपारी सहसा नाही, संध्याकाळी हमखास. जोड काढली की पडत नाही, पण ११० व्होल्ट परत येतात. जोड ठेवू की काढू?

उत्तर: काढा, आजच. मात्र ती काढून तसंच सोडून देऊ नका. न्यूट्रल आणि अर्थची जोड तुम्हाला हवीच आहे, पण ती फक्त बॅटरीवर चालताना हवी आणि बॅकअपच्या आरसीसीबीच्या आधी, म्हणजे इन्व्हर्टरच्या बाजूला हवी. तुमची जोड कायमची आहे आणि आरसीसीबीच्या नंतर आहे. लाइट असताना आरसीसीबी पडतो तो त्रास तुम्हाला दिसतोय. बॅटरीवर "सगळं ठीक" वाटतंय, तिथला धोका दिसत नाही आणि तोच मोठा आहे. म्हणून कारणं नीट सांगतो.

आधी ते ११० व्होल्ट. लाइट असते तेव्हा इन्व्हर्टरच्या आतला रिले ग्रिडचा फेज आणि न्यूट्रल सरळ बॅकअपच्या टर्मिनलवर देतो. ग्रिडचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे तुमच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज एक-दोन व्होल्टच दिसतं. लाइट गेली की बहुतेक इन्व्हर्टर हा रिले दोन्ही तारांवर उघडतात. लाइनवर काम करणाऱ्या माणसाकडे मागून करंट जाऊ नये म्हणून ते करावंच लागतं. पण त्या क्षणी बॅकअपच्या न्यूट्रलचं ट्रान्सफॉर्मरशी नातं तुटतं. आता फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा राहतात, त्यांच्यात २३० व्होल्ट असतात आणि जमिनीशी दोघींचाही संबंध नसतो. इन्व्हर्टरमधल्या आणि टीव्ही, चार्जर, संगणक यांच्यातल्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर दोन्ही तारांपासून अर्थला जोडलेले असतात. ते व्होल्टेज साधारण निम्मं निम्मं वाटून घेतात, म्हणून इकडून ११०-११५ आणि तिकडूनही तेवढेच. टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो तो याच कारणाने. कुठे काही जळलं किंवा शॉर्ट झालं आहे असा त्याचा अर्थ नाही. न्यूट्रलला जमिनीचा आधार उरलेला नाही, एवढंच ते सांगतं.

तुमच्या इलेक्ट्रिशियनने हा आधार परत दिला, मीटरवर ११० चे शून्य झाले आणि काम झालं असं त्याला वाटलं. निदान बरोबर होतं, जागा चुकली.

आता लाइट असताना काय होतं ते पाहू. आरसीसीबीला एवढंच कळतं की फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला की नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या खाली पडता कामा नये आणि ३० ला पडायलाच हवा. मधल्या पट्ट्यात कुठेही पडू शकतो. तुमच्या जोडीमुळे बॅकअप डीबीतल्या न्यूट्रल बारवरून परत जायला करंटला दोन वाटा मिळतात. एक नेहमीची, दोन्ही आरसीसीबींच्या न्यूट्रलमधून. दुसरी जोडीतून अर्थच्या तारेत, तिथून घराच्या अर्थिंगच्या इलेक्ट्रोडमध्ये आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थपर्यंत. जेवढा करंट दुसऱ्या वाटेने गेला तेवढा आरसीसीबीच्या हिशोबात कमी पडतो.

आकडे घालून पाहा. ट्रान्सफॉर्मरपासून तुमच्या डीबीपर्यंत न्यूट्रलचा रोध ०.२५ ओहम धरू. २ किलोवॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो, म्हणजे न्यूट्रल बार जमिनीच्या तुलनेत सव्वादोन व्होल्ट वर जातो. घराचा इलेक्ट्रोड २० ओहम आणि ट्रान्सफॉर्मरचा २ ओहम धरला तर या सव्वादोन व्होल्टमुळे मातीच्या वाटेने सुमारे १०० मिलिअँपिअर निघतात. ३० चा आरसीसीबी पडणारच. आता गीझर बंद आणि घरात फक्त २०० वॉटचे दिवे-पंखे. करंट एक अँपिअरच्याही खाली, मातीतून जेमतेम १० मिलिअँपिअर, आरसीसीबी टिकतो. या आकड्यांत सीमारेषा साधारण ३०० ते ६०० वॉटच्या मध्ये येते. म्हणून तुम्हाला वाटतं की दोष गीझरचा आहे. गीझरच्या जागी इस्त्री लावून बघा, तेच होईल.

दुपारचं कोडंही इथेच सुटतं. दुपारी गीझरचा लोड सोलरवर चालतो आणि उरलेली वीज बॅटरीत जाते, त्यामुळे ग्रिडच्या न्यूट्रलमधून जवळपास काहीच वाहत नाही आणि न्यूट्रल बार वर उचलला जात नाही. संध्याकाळी तोच गीझर पूर्ण ग्रिडवर येतो आणि आरसीसीबी पडतो. एखाद्या दुपारी बॅटरी भरलेली असताना गीझर बंद असूनही पडला, तर चक्रावू नका. तेव्हा तुमची सोलरची वीज ग्रिडकडे जात असते आणि न्यूट्रलमधला करंट उलट दिशेने तेवढाच असतो. शिवाय ट्रान्सफॉर्मरपासूनचा न्यूट्रल शेजाऱ्यांचाही करंट वाहतो, त्यामुळे तुमचा सगळा लोड बंद असतानाही कधी तरी पडेल.

या वागण्यावरून तुमच्या अर्थिंगची पद्धतही कळते. आरसीसीबी फक्त मोठ्या लोडवर पडतो, म्हणजे दुसरी वाट मातीतून जाते आणि तिचा रोध बराच आहे. याला टीटी पद्धत म्हणतात: न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला, आणि घराचा अर्थ तुमच्या स्वतःच्या इलेक्ट्रोडवर. टीएन पद्धतीत, म्हणजे अर्थची तारही पुरवठ्याबरोबरच येते आणि सर्व्हिसपाशी किंवा ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रलला जोडलेली असते तिथे, दुसरी वाट तांब्याची असते. मग ९ अँपिअरमधले चार-साडेचार अँपिअर अर्थच्या तारेतून जाऊ शकतात आणि एक-दोन दिवे लावले तरी आरसीसीबी उभा राहत नाही. तिथे लोक कंटाळून आरसीसीबीच काढून टाकतात. मग अर्थच्या तारेत, पर्यायाने प्रत्येक उपकरणाच्या धातूच्या बॉडीला जोडलेल्या तारेत, लोडचा करंट कायम वाहत राहतो आणि कुठलंही संरक्षण तो थांबवत नाही. तसं काही करू नका.

कधी मेन पडतो आणि कधी बॅकअपचा, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. जोड दोन्हींच्या नंतर आहे, त्यामुळे दोघांनाही सारखाच तोटा दिसतो आणि त्या क्षणी जो चपळ असेल तो आधी पडतो. दोघांचं फळ मात्र वेगळं दिसतं. बॅकअपचा पडला तर बॅकअपचे दिवे लगेच जातात. मेन पडला तर इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, तो बॅटरीवर जातो आणि दिवे चालूच राहतात. तासाभराने कुणी बॅकअपबाहेरचं काही लावायला जातो तेव्हा कळतं. तोवर बॅटरी उतरत असते.

आता बॅटरीवरची गोष्ट. हा भाग सावकाश वाचा.

समजा लाइट नाही, तुमची जोड जागेवर आहे, आणि वॉशिंग मशिनमधल्या फेजच्या तारेचं इन्सुलेशन फाटून ती बॉडीला लागली. मशिनच्या प्लगची अर्थ पिन सैल आहे. ओल्या हाताने कुणी बॉडीला हात लावला. फेजचा करंट बॅकअप आरसीसीबीतून बाहेर पडला, मशिनची बॉडी, माणूस, जमीन, घराचा अर्थ असा फिरून अर्थ बारवर आला. तिथे तुमची जोड आहे. जोडीतून तो न्यूट्रल बारवर गेला, आणि न्यूट्रल बारवरून आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून इन्व्हर्टरला परत. आरसीसीबीने मोजलं: जेवढा गेला तेवढाच आला. तो पडणार नाही. माणसाच्या शरीरातून १५०-२०० मिलिअँपिअर जाऊ शकतात आणि ते जीव घ्यायला पुरेसे आहेत. एवढ्याशा करंटने एमसीबी हलत नाही आणि इन्व्हर्टरला तर हा लोडच वाटतो. म्हणजे जी जोड लाइट असताना आरसीसीबीला विनाकारण पाडते, तीच बॅटरीवर त्याला आंधळा करते.

हीच जोड आरसीसीबीच्या आधी, इन्व्हर्टरच्या आउटपुट टर्मिनलपाशी असती, तर हाच करंट अर्थच्या तारेतून थेट इन्व्हर्टरपाशी न्यूट्रलला मिळाला असता. आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून तो परत आलाच नसता, फरक दिसला असता आणि आरसीसीबी पडला असता. दोन्ही मांडण्यांत न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मीटरवर शून्यच येतं. त्यामुळे नुसतं शून्य बघून जोड बरोबर आहे असं ठरवता येत नाही.

मग जोडच नको, ११० व्होल्ट राहू देत, असं काही जण म्हणतात. त्यांचा मुद्दा असा की न्यूट्रल तरंगता असेल तर एका तारेला हात लागला तरी परतीची वाटच नाही, कपॅसिटरमधून थोडासा झटका बसेल इतकंच. पहिल्या दोषापुरतं हे खरं आहे. पण पहिला दोष झाला हे कुणालाच कळत नाही. मशिनमध्ये फेज बॉडीला लागला, काहीही पडलं नाही, मशिन चालतंय. आता अर्थची पूर्ण तार फेजवर आली आणि न्यूट्रल जमिनीपासून २३० व्होल्टवर गेला. दुसऱ्या खोलीत कुणी न्यूट्रलची उघडी तार हाताळली, किंवा दुसऱ्या उपकरणात न्यूट्रल बॉडीला लागला, की वर्तुळ पूर्ण. आणि दोन्ही दोष एकाच आरसीसीबीच्या पुढे असतील तर करंट फेजमधून जाऊन न्यूट्रलमधूनच परत येतो. आरसीसीबी इथेही आंधळा. तरंगती पद्धत जिथे मुद्दाम वापरतात तिथे इन्सुलेशनवर नजर ठेवणारं उपकरण लावतात, जे पहिल्या दोषालाच अलार्म देतं. घरात ते नसतं. म्हणून घरासाठी योग्य जागी जोड आणि तिच्यापुढे आरसीसीबी, हाच मार्ग.

नुसत्या एमसीबीवर इथे विसंबता येत नाही, त्याचं कारणही लक्षात ठेवा. ग्रिडवर फेज थेट अर्थच्या तारेला लागला तर टीएन पद्धतीत शेकडो अँपिअर येतात आणि एमसीबी झटक्यात पडतो. १६ अँपिअरच्या सी कर्व्ह एमसीबीला तसं पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. तुमचा ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर नेहमीचे २२ अँपिअर देतो आणि काही सेकंद त्याच्या दुप्पट फार तर. पूर्ण शॉर्ट झाला तर तो स्वतःच एरर देऊन बंद पडेल, पण अर्धवट दोषात एमसीबी खूप उशीर लावेल किंवा पडणारच नाही. बॅटरीवर असताना जीव वाचवणारी वस्तू आरसीसीबीच आहे, आणि तो जोडीशिवाय काम करत नाही.

आता करायचं काय. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. इन्व्हर्टरला तीन बाजूंनी वीज येते: ग्रिड, बॅटरी आणि पॅनल. तिन्ही तोडल्यावरही आतले कपॅसिटर उतरायला मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावं लागतं.

बॅकअप डीबीतली जोड काढून झाली की इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये एकच गोष्ट शोधा: ग्रिड गेल्यावर न्यूट्रलचं हा इन्व्हर्टर काय करतो? उत्तर तीनपैकी एक असेल.

काहींमध्ये न्यूट्रल-अर्थ रिले आतच असतो. ग्रिड तुटली की तो न्यूट्रलला बॉडीच्या अर्थशी जोडतो, ग्रिड यायच्या आधी सोडतो. पुष्कळदा तो सेटिंगमधून चालू करावा लागतो आणि कारखान्यातून बंद आलेला असतो. स्क्रीनवर त्याचं नाव `Signal ISLAND MODE` किंवा सॉफ्टवेअरमध्ये `Ground relay` असं काहीतरी असतं. तुमचा इन्व्हर्टर यातला असेल तर काम एका टिकमार्कचं आहे. फक्त इन्व्हर्टरच्या अर्थ टर्मिनलची तार घराच्या त्याच अर्थ बारवर आली आहे का ते डोळ्यांनी पाहा. काही जण इन्व्हर्टरला वेगळा इलेक्ट्रोड देतात आणि घराच्या अर्थशी जोडत नाहीत. मग दोषाचा करंट एका इलेक्ट्रोडमधून मातीत जाऊन दुसऱ्यातून वर येतो. २०-२० ओहमचे दोन इलेक्ट्रोड असतील तर जेमतेम पावणेसहा अँपिअर मिळतात. बॅटरीवर दोषाची वाट घराच्या आतच, तांब्यातून पूर्ण व्हायला हवी. नवा इलेक्ट्रोड ठोकून किंवा मातीचा रोध कमी करून ती पूर्ण होत नाही. मात्र घराचा इलेक्ट्रोड हवाच, कारण ग्रिड तुटल्यावर तिकडच्या अर्थवर भिस्त ठेवता येत नाही. आयईसी ६०३६४-५-५५ मध्येही हीच अट आहे.

दुसरा प्रकार: दोन्ही तारा तुटतात, पण आत रिले नाही. इथे बाहेर कॉन्टॅक्टर लावून जोड द्यावी लागते आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. सोपी वाटणारी युक्ती अशी की कॉन्टॅक्टरची कॉइल ग्रिडवर ठेवायची आणि त्याचा एनसी कॉन्टॅक्ट न्यूट्रल-अर्थमध्ये. लाइट गेली की कॉइल सुटते, जोड लागते. दिसायला चोख. पण लाइट परत आली की कॉइल लगेच ओढते आणि जोड उघडते, तर इन्व्हर्टर ग्रिड स्थिर आहे का हे तपासत पुढचा मिनिटभर किंवा जास्त बॅटरीवरच थांबतो. तेवढा वेळ न्यूट्रल पुन्हा तरंगता. त्याहून वाईट म्हणजे ग्रिड आहे पण व्होल्टेज मर्यादेबाहेर आहे, अशा वेळी इन्व्हर्टर तासन्‌तास बॅटरीवर राहतो आणि कॉइल मात्र ग्रिडवर ओढलेलीच असते. म्हणून कॉन्टॅक्टरला इशारा ग्रिडकडून नव्हे, इन्व्हर्टरकडून मिळायला हवा. आयलंड मोडमध्ये गेलो हे सांगणारा ड्राय कॉन्टॅक्ट किंवा आउटपुट ज्या इन्व्हर्टरला आहे, त्यावर कॉन्टॅक्टर चालवा. तसा आउटपुटच नसेल तर जुगाड न करता बनवणाऱ्याने दिलेला किंवा मान्य केलेला चेंजओव्हर घ्या. जोडीची तार आउटपुटच्या तारेइतक्या जाडीची असावी आणि ती इन्व्हर्टर व बॅकअप आरसीसीबी यांच्या मध्येच लागावी.

तिसऱ्या प्रकारात न्यूट्रल तुटतच नाही. ग्रिडचा आणि बॅकअपचा न्यूट्रल एकच ठेवतात, फक्त फेज तुटतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशी जोडणी करतात, कारण तिथे न्यूट्रल-अर्थची मुख्य जोड घराच्या मेन बोर्डातच असते आणि बॅटरीवरही तीच वापरायची असते. इथे बाहेरून कुठलीही जोड द्यायची नाही. पण हा प्रकार पाहून दोन्ही तारा तोडणाऱ्या इन्व्हर्टरचे न्यूट्रल आपल्या मनाने एकत्र बांधू नका. मॅन्युअलने सांगितलं तरच.

जोड काढल्यावर आणि रिले चालू केल्यावरही ग्रिडवर आरसीसीबी पडत राहिला, तर बॅकअपचा न्यूट्रल आणि बाकी घराचा न्यूट्रल कुठेतरी मिसळलेला असतो. जुन्या वायरिंगमधून काही सर्किट बॅकअपवर काढताना फेज काळजीने हलवतात, न्यूट्रल जुन्याच बारवर राहून जातो. मग फेज बॅकअप आरसीसीबीतून जातो आणि न्यूट्रल दुसरीकडूनच परतो. आरसीसीबीला तो पूर्ण लोडच गळती वाटतो. हे शोधायला तिन्ही बाजूंची वीज तोडा, उपकरणांचे प्लग काढा, बॅकअपचा न्यूट्रल बार इन्व्हर्टरकडून येणाऱ्या तारेपासून सोडवा आणि त्याच्यापासून मेन न्यूट्रल बारपर्यंत व अर्थ बारपर्यंत रोध मोजा. दोन्हीकडे मेगाओहममध्ये यायला हवा. काही ओहम आले तर एकेक सर्किटचा न्यूट्रल सोडत जा. ज्याला सोडल्यावर आकडा उडी मारतो, तो दोषी.

पडणं फक्त पहाटे किंवा पावसाळी हवेतच असेल, लोडशी संबंध नसेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमधून ओल्या पॅनलच्या कपॅसिटन्समुळे थोडी गळती होतेच. मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प इन्व्हर्टरच्या ग्रिड फीडच्या फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र लावा आणि आकडा पाहा. त्या फीडवर किती मिलिअँपिअरचा आणि कोणत्या टाइपचा आरसीसीबी हवा हे मॅन्युअल सांगतं. एसी टाइपचा आरसीसीबी डीसी गळतीत काम सोडू शकतो, म्हणून टाइपही मॅन्युअलप्रमाणेच.

शेवटी तपासणी. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, तो पडला, म्हणजे संरक्षण आहे, असं समजू नका. ते बटण आरसीसीबीच्या आतच एका बाजूचा फेज आणि दुसऱ्या बाजूचा न्यूट्रल एका रेझिस्टरने जोडतं. अर्थची तार त्यात येतच नाही. न्यूट्रल तरंगता असला तरी किंवा जोड चुकीच्या जागी असली तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतोच. खरी परीक्षा सॉकेटमध्ये फेज आणि अर्थमधून ठरावीक करंट सोडणाऱ्या आरसीडी टेस्टरनेच होते. ती बॅटरीवर करायची. ग्रिड तोडा, इन्व्हर्टर बॅटरीवर गेल्याची खात्री करा, मग बॅकअपच्या सॉकेटमध्ये टेस्टर लावा. आधी १५ मिलिअँपिअरला पडता कामा नये. मग ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा. तरंगत्या न्यूट्रलवर टेस्टर एक तर चालूच होणार नाही किंवा वेळ दाखवणार नाही. आरसीसीबीनंतरच्या जोडीवर तो करंट सोडेल आणि आरसीसीबी ढिम्म राहील. तुमच्या सध्याच्या वायरिंगवर हा दुसरा निकाल येईल. इलेक्ट्रिशियनला पटत नसेल तर जोड काढण्याआधी एकदा हे त्याच्यासमोर करून घ्या.

नंतर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज दोन्ही अवस्थांत मोजून लिहून ठेवा. ग्रिडवर एखाद-दोन व्होल्ट आणि लोडबरोबर थोडे हलणारे, बॅटरीवर शून्याच्या जवळ. ग्रिडवर गीझर लावूनही आकडा शून्यालाच चिकटून राहिला तर रिले सुटलेला नाही किंवा कुठे तरी कायमची जोड अजून आहे. बॅटरीवर ११० दिसले तर रिले लागलेला नाही.

आणि एकदा मीटर सॉकेटमध्ये ठेवूनच ग्रिड परत चालू करा. इन्व्हर्टर थांबून थांबून ग्रिडवर येईल त्या क्षणाकडे लक्ष द्या. बरोबर त्याच क्षणी मेन आरसीसीबी पडला, आणि एरवी कधीच पडत नसेल, तर जोड उघडायच्या आत ग्रिडचा न्यूट्रल जोडला जातोय. बाहेरचा कॉन्टॅक्टर असेल तर त्याला इशारा उशिरा मिळतोय किंवा त्याचे कॉन्टॅक्ट चिकटताहेत, तो बदला. आतला रिले असेल तर तो वेल्ड झालेला असू शकतो. तेव्हा सेटिंग बंद करून पुन्हा ग्रिडवर न्यूट्रल-अर्थ मोजा. आकडा तरीही शून्यावरच राहिला तर इन्व्हर्टर दुरुस्तीला द्यावा लागेल. तोवर बॅकअपवर काही चालवू नका. लोड बायपासने सरळ ग्रिडवर घ्या.